सहा लाखांचं पॅकेज, हातात किती?

भाचीने काल ऑफर लेटरचा फोटो पाठवला. "मामा, सहा लाख म्हणजे महिन्याला पन्नास हजार ना?"

नाही. सहा लाख हा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा खर्च.

त्यातले 60,000 व्हेरिएबल. ते वर्षाअखेरीस, कामगिरी आणि कंपनीचा नफा बघून मिळणार. कमीही मिळू शकतात. घरभाडं, हप्ता ठरवताना ते धरूच नका.

बेसिक महिना 25,000. त्यावर 12 टक्के, म्हणजे वर्षाला 36,000 कंपनीच्या वाट्याचा पीएफ. ग्रॅच्युइटी सुमारे 14,400. ती नोकरी सोडताना मिळते, कायम नोकरीत साधारण पाच वर्षं भरल्यावर. हे दोन्ही सीटीसीतच मोजलेले असतात!

उरले 4,89,600, म्हणजे महिना 40,800. यातून तिच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 कापला जाईल. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर सध्या आयकर नाही.

खात्यात जमा: सुमारे 37,600. पीएफचे पैसे तिचेच आहेत, फक्त आज हातात नाहीत.

सही करण्याआधी एचआरला एवढं नक्की विचारा: गेल्या वर्षी व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं?

तुमच्या लेटरमधली एखादी ओळ कळत नसेल तर नाव झाकून कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.