‘ना’चा चढ आणि उतार

बेळगावहून दक्षिणेस, खानापूर तालुक्यातील नंदगडसारख्या गावात शेतजमिनीचा व्यवहार ठरतो तो मराठीत, भावाबहिणींची समजूत पटते ती मराठीत, मात्र 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा मुलूख कन्नड राज्यात गेल्यामुळे त्या व्यवहाराचा दस्तऐवज लिहिला जातो तो बहुधा कन्नडमध्ये. आणि या दोहोंच्या मध्ये जो मनुष्य बसलेला असतो, ज्याला इकडचे लोक ‘बाँड रायटर’ म्हणतात, त्याच्या कामाचा सर्वांत नाजूक भाग लेखनाचा नसून वाचून दाखविण्याचा असतो. मसुदा तयार झाला की तो एकेक कलम कन्नडमधून मराठीत उलगडून सांगतो, आणि प्रत्येक कलमाच्या शेवटी लिहून देणाऱ्याकडून ते कबूल करून घेतो. हे कबूल करून घेणे वाक्याला जोडलेल्या एका इवल्याशा पुच्छावर चालते: ‘बरोबर ना?’, ‘हे तुमचंच न्हवं?’, ‘असंच ठरलंय, होय की नाही?’ अशा एका वयोवृद्ध लेखकाच्या ओसरीवर मी पुष्कळ वेळा बसलो आहे, आणि त्यांच्या अक्षरापेक्षा त्यांच्या स्वराकडे माझे लक्ष अधिक लागून राहिले आहे.

‘ना’ एकच, पण त्याचा स्वर खाली उतरला तर तो एक अर्थ सांगतो आणि वर चढला तर दुसरा. ‘पूर्वेला ओढा ना’ हे वाक्य उतरत्या स्वरात म्हटले, तर आवाजाचा सारा जोर ‘ओढा’ या शब्दावर येतो, आणि ‘ना’ त्याला चिकटून, आखूड आणि अशक्त होऊन खाली घसरतो. बोलणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे, ऐकणाऱ्याने फक्त मान डोलवावी, इतकाच त्याचा आशय. तेच वाक्य चढत्या स्वरात म्हटले, की ‘ओढा’वरचा जोर कमी होतो, ‘ना’ लांबतो, वर जातो आणि वरच थांबतो. त्यानंतर जी क्षणभर शांतता पसरते ती ऐकणाऱ्याच्या मालकीची असते. पहिल्या रूपात प्रश्नाचे चिन्ह असूनही प्रश्न नाही, दुसऱ्यात तो आहे. इंग्रजीतही हाच भेद आहे, पण तिथे वाक्य होकारार्थी असेल तर पुच्छ बहुधा नकारार्थी होते आणि क्रियापदाप्रमाणे बदलते. मराठीत ‘ना’ कशालाही लागतो आणि स्वतः बदलत नाही, म्हणून अर्थाचा जवळजवळ सगळा भार एकट्या स्वरावर येऊन पडतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चढलेला प्रत्येक स्वर प्रश्नाचा नसतो. मराठीत बोलताना वाक्यातील लहान लहान पदसमूहांच्या शेवटी आवाज थोडा उचलला जातो, आणि ‘अजून पुढे आहे’ एवढेच तो सुचवितो. चतुःसीमा वाचताना हे स्पष्ट ऐकू येते: ‘पूर्वेला ओढा, पश्चिमेला गायरान, दक्षिणेला अमक्याचं शेत’, प्रत्येक दिशेअखेर स्वर वर, आणि उत्तर दिशा आली की खाली. अशा ओळीत कोणी ‘ना’ पेरला, तर तो वर चढूनही विचारीत नाही. तो यादीच्या लयीत वाहून जातो. खरा प्रश्न ओळखायचा तर केवळ चढ ऐकून भागत नाही, चढानंतर वाचणारा थांबला की नाही ते पाहावे लागते.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. कन्नडमध्ये वाक्याच्या शेवटी लागणारा ‘आ’ हा स्वरवर्णच प्रश्नाचे काम करतो. ‘अल्ल’ म्हणजे ‘नव्हे’, आणि शेवट लांबवून ‘अल्वा?’ म्हटले की ‘नव्हे काय?’ असे विचारले जाते. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या माणसाच्या मराठीत हा हेल नकळत उतरतो. तो ‘ना’ लांबवितो, परंतु चढवीत नाही. आणि पुणेरी कानाला ते उतरत्या स्वराचे विधान वाटते, तर बोलणारा मनापासून विचारीत असतो. हा घोटाळा बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांपाशी होतो. गावातील माणसांत तो फारसा होत नाही, कारण त्यांनी एकमेकांचे हेल लहानपणापासून ऐकलेले असतात.

आता ओसरीवरचा एक प्रसंग सांगतो. एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या भाताच्या शेताचा तुकडा, एक एकर बारा गुंठे, शेजाऱ्याला द्यावयाचे ठरविले होते. मसुदा जुन्या दस्तावरून उतरविलेला. लेखकांचा तरुण मदतनीस वाचू लागला, आणि त्याचा प्रत्येक ‘ना’ उतरता होता. ‘एक एकर बारा गुंठे ना.’ ‘हो.’ ‘पूर्वेला ओढा ना.’ ‘हो.’ ‘पश्चिमेला गायरान ना.’ ‘हं.’ वृद्धाचे ‘हो’ एकाच उंचीवर, सपाट, आणि बहुधा वाक्य पुरे होण्याच्या आतच येत होते. वडील लेखकांनी हातातली लेखणी खाली ठेवली व मदतनिसाला थांबविले. त्यांनी कागद दुमडला आणि विचारले, ‘मामा, तुमच्या शेताच्या पूर्वेला काय हाय?’ वृद्धाने थोडा वेळ घेतला, मग म्हणाला, ‘वाट हाय की. गाडीवाट. वडा तिच्या पलीकडं.’ जुन्या दस्तानंतर केव्हातरी ती वाट पडली होती, आणि ओढ्यापर्यंत जमीन विकल्याचे लिहून दिले असते तर गाडीवाटेवरून पुढे तंटा उभा राहण्यास पुरेसे कारण मिळाले असते.

या ठिकाणी त्या वृद्धाने खोटे सांगितले नव्हते, आणि त्याचे लक्षही नव्हते असे मी म्हणणार नाही. उतरत्या ‘ना’ला दिलेले ‘हो’ हे बहुतेक वेळा ‘मी ऐकतो आहे’ याचे चिन्ह असते; ‘मी मान्य करतो’ याचे नव्हे. ‘हं’चेही तसेच. खाली उतरलेला ‘हं’ म्हणजे पुढे चला. वर चढलेला ‘हं?’ म्हणजे ऐकू आले नाही किंवा समजले नाही; आणि खाली जाऊन पुन्हा किंचित वर येणारा, लांबलेला ‘हंऽ’ म्हणजे शंका आहे, पण बोलावे की नाही हे ठरत नाही. त्या वडील लेखकांना या तिसऱ्या ‘हं’ची विलक्षण चाहूल लागे. तो आला की ते कलम पुन्हा वाचीत.

उत्तराच्या वेळेवरूनही पुष्कळ कळते. दहा भाषांतील संभाषणांचा जो तौलनिक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न व उत्तर यांमधील अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळले, आणि संमतीची उत्तरे लवकर व असंमतीची उशिरा येतात असे दिसले. त्या दहांत मराठी नव्हती. तरी ओसरीवर मी जे ऐकले त्याचा त्या निष्कर्षाशी मेळ बसतो. प्रश्न संपण्याआधी आलेले ‘हो’ बव्हंशी पोचपावती असते. किंचित थांबून, क्रियापदासह आलेले ‘हो, दिलंय’ हे विचारपूर्वक दिलेले उत्तर असते. आणि त्याहूनही लांबलेली शांतता, तिच्यानंतर ‘हो’ आले तरी, नकाराच्या बाजूला झुकलेली असते.

नकारार्थी वाक्यांत तर हा प्रश्न फारच कठीण होतो. ‘वाटेचा हक्क तुम्ही ठेवलेला नाही ना?’ यावर ‘हो’ म्हणजे काय? मराठीत सामान्यतः ‘हो’ समोरच्याचे विधान मान्य करते, म्हणजे ‘हो, ठेवलेला नाही’. परंतु प्रश्न चढत्या स्वरात असला तर तेच ‘हो’ ‘हो, ठेवलेला आहे’ असेही ऐकू येऊ शकते. ‘नाही’ म्हटले तरी संदिग्धता तशीच. इकडच्या बोलीने यावर एक सुरेख तोड काढली आहे: विधान खोडून काढावयाचे असेल तर ‘हाय की!’ असे ठासून म्हणतात, ‘हाय’वर जोर आणि ‘की’ खाली. तिथे शंकेला जागा उरत नाही. पण जो संकोची आहे तो ‘हाय की’ म्हणत नाही, नुसते ‘हो’ म्हणतो. म्हणून त्या लेखकांचा दंडक असा की नकारार्थी कलमावर ‘हो’ अथवा ‘नाही’ हे उत्तर ते स्वीकारीतच नसत; संपूर्ण वाक्य लिहून देणाऱ्याच्या तोंडून येईपर्यंत थांबत.

कायद्याने हा भेद वेगळ्या नावाने पूर्वीच ओळखला आहे. ज्या प्रश्नात विचारणाऱ्याला हवे असलेले उत्तर सुचविलेले असते, त्याला 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने सूचक प्रश्न ठरविले. आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासात, समोरच्याने हरकत घेतली तर, तो न्यायालयाच्या परवानगीवाचून विचारता येत नाही, उलटतपासात मात्र मुभा आहे. उतरत्या स्वराचा ‘ना’ हा सूचक प्रश्नाचा शुद्ध नमुना होय. पण जबानी कागदावर उतरते तेव्हा ती सामान्यतः कथनाच्या रूपात लिहिली जाते: ‘हे म्हणणे खरे आहे की…’, ‘हे म्हणणे खरे नाही की…’, स्वर गळून जातो, आणि साक्षीदाराने ठामपणे सांगितले की मान डोलावली हे वाचणाऱ्याला कळत नाही. साक्षीदाराच्या वागण्याविषयी शेरा लिहिण्याची तरतूद आहे, पण ती न्यायाधीशाच्या इच्छेवर. दस्ताचीही गत तीच. निबंधक 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त करून दिल्याचे मान्य आहे का आणि समोरचा मनुष्य तोच आहे का, याची खात्री करतो. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले’ हे वाक्य ज्या स्वरातून जन्मले त्याची नोंद कुठेही राहत नाही. ती खात्री त्याआधी, ओसरीवरच व्हावयास हवी.

हे सर्वांत अधिक जाणवते ते हक्कसोडपत्राच्या वेळी. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, आणि तेव्हापासून माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडून देण्यासाठी बहिणींना बोलावून आणण्याचे प्रसंग वाढले. एका दुपारी दोन भाऊ आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. मसुदा वाचला गेला, आणि लेखकांनी विचारण्याआधीच धाकटा भाऊ म्हणाला, ‘अक्का, तुझी काही हरकत नाही ना.’ स्वर उतरता, मायेचा, आणि उत्तराला वाव न ठेवणारा. ती म्हणाली, ‘नाही.’ हे ‘नाही’ ‘हरकत नाही’ असे असू शकत होते, आणि तसेच सर्वांनी ऐकले. लेखकांनी मात्र भावांना समोरच्या हॉटेलात चहाला पाठविले, कागद बाजूला सारला, आणि ‘ना’ न लावता, चढ न देता, अगदी साध्या आवाजात विचारले, ‘अक्का, तुम्ही काय काय सोडताय?’ तिने सांगितले की शेत ती सोडते आहे, ते भावांनी कसले आहे. पण आईचे घर ती सोडीत नाही, तिला तिथे येऊन राहावयाचे आहे, आणि हे घरात कुणी तिला विचारलेच नव्हते. मसुद्यात शेत व घर दोन्ही होते. भाऊ परत आले तेव्हा तिने तेच पुन्हा, या वेळी त्यांच्यासमोर, पूर्ण वाक्यात सांगितले. थोडी बोलाचाली झाली, मग घराचे कलम गाळून नवा मसुदा लिहावयास घेतला गेला.