खाडा सांगायचा आदल्या रात्री

गवळ्याच्या रतिबाचा हिशेब महिनाअखेरीस व्हायचा. कालनिर्णयच्या चौकटीत ‘खाडा’, ‘अर्धा जास्त’ असं लिहून ठेवायचं आणि पैसे मागाहून द्यायचे. अ‍ॅपवरच्या रतिबात पैसे आधी वॉलेटमध्ये भरावे लागतात. त्यामुळे उधारी देणारे आपण झालो आहोत.

यात सगळी मेख आदल्या रात्रीच्या मुदतीत असते. बऱ्याच ठिकाणी दहा-अकराच्या सुमारास दुसऱ्या दिवशीची यादी बंद होते. कुठल्या इमारतीत किती पिशव्या, हे तेव्हाच ठरतं. पहाटे पोऱ्याला फोन करून उपयोग नाही. पिशवी निघालेली असते आणि पैसे कापले जातात. वॉलेटमध्ये दुसऱ्या दिवसापुरतेही पैसे नसतील, तर पिशवीच येत नाही.

समजा, गणपतीसाठी तुम्ही सोमवारी रात्री कोकणात निघालात आणि शनिवारी पहाटे परतणार. दूध मंगळवार ते शुक्रवार थांबवायचं. इथे तारखा नीट वाचाव्यात. काही अ‍ॅप सुट्टीचा शेवटचा दिवस विचारतात, काही दूध पुन्हा सुरू करायचा दिवस. पहिल्या प्रकारात शनिवार टाकलात, तर घरी पोचल्यावर चहा कोरा. तारखा भरल्यावर अ‍ॅपमधल्या कॅलेंडरवर शनिवारी पिशवी दिसते का, ते पाहिलं की शंका मिटते.

प्रमाण बदलतानाही असंच. मोदकांच्या दिवशी एकाऐवजी दोन लिटर हवं असेल, तर ‘फक्त उद्यासाठी’ निवडायचं. रोजचं प्रमाणच बदललं तर पाहुणे गेल्यावरही दोन लिटर येत राहतं.

खरी गुंतागुंत पैसे परत घेताना होते. समजा, हजार रुपये भरल्यावर कंपनीने शंभर रुपये बोनस दिला. साठ रुपये लिटरने दहा दिवस दूध घेतलं, सहाशे गेले. वॉलेटमध्ये पाचशे दिसतात. पण आधी तुमचे पैसे खर्च झाले असं कंपनी धरत असेल, तर त्यात तुमचे चारशेच उरतात. बोनस सहसा रोख मिळत नाही. बोनस आधी संपला असं धरलं, तर पूर्ण पाचशे तुमचे. हा क्रम अटींमध्ये लिहिलेला असतो आणि तो पैसे भरण्याआधीच वाचायचा असतो. न आलेल्या पिशवीची भरपाईही बहुधा वॉलेटमध्येच येते, बँकेत नाही.

फक्त त्याच कंपनीचा माल घेण्यासाठी असलेल्या अशा वॉलेटला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, म्हणून तिच्याकडे दाद मागण्यात अर्थ नाही. बंद करताना आधी रतीब थांबवावा, नाहीतर अर्ज पडून असताना पैसे कापले जात राहतात. मग शिलकीचा स्क्रीनशॉट काढून लेखी मागणी करावी. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.