स्थानिक समाजमाध्यम जाहिरात

फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांवर शुल्क भरून ठरावीक परिसरातील लोकांना दाखविलेली जाहिरात म्हणजे स्थानिक समाजमाध्यम जाहिरात होय. उमरी (जि. नांदेड) येथील एखाद्या कापड दुकानाने संपूर्ण महाराष्ट्र निवडल्यास बहुतेक पैसा दुकानात कधीच न येणाऱ्यांवर खर्च होतो, त्याऐवजी नकाशावर दुकानाभोवती २५ किलोमीटरचे वर्तुळ आखावे.

समजा, रोजचा खर्च १५० रुपये ठरविला. एखाद्या दिवशी तो वाढलेला दिसतो, पण आठवड्याचा आकडा १,०५० रुपयांपुढे जात नाही. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १,२३९ रुपये होतात. चाळीस जणांनी व्हॉट्सॲपवर चौकशी केली आणि सातांनीच खरेदी केली, तर एक ग्राहक १७७ रुपयांस पडला. मालकाला सांगण्याजोगा आकडा हाच. प्रत्येक ग्राहकामागील नफा त्याहून कमी असल्यास हजारो ‘लाइक’ मिळूनही जाहिरात तोट्यातच असते.