तीस सेकंदांत एकच गोष्ट सांगा!

आमच्या वसाहतीतील एका ताईंचे शिवणकामाचे दुकान आहे. दोन मशिनी, एक मदतनीस मुलगी आणि दिवसाला जेमतेम चार गणवेश, एवढाच त्यांचा कारभार. गेल्या वर्षी त्यांनी पदरचे पैसे मोडून ३० सेकंदांची जाहिरात करून घेतली. तीत ब्लाउज, फॉल-बिडिंग, पिको, पडदे, उशांचे अभ्रे, गणवेश, जुने कपडे दुरुस्ती अशी सारी कामे होती. शिवाय सणाची सूट आणि दोन फोन नंबर. लोकांनी ती मोबाइलवर पाहिली. "ताई, तुम्ही टीव्हीवर आल्यासारख्या दिसलात," असे कौतुकही झाले. पण माप द्यायला कोणी आले नाही.

यंदा ताई म्हणाल्या, "भाऊ, आता पैसे वाया घालवायचे नाहीत. आधी कागदावर करून बघू." म्हणून आम्ही त्यांच्यासोबत बसलो. त्या दोन संध्याकाळी जे शिकलो, ते छोटे दुकान चालवणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचे आहे.

जाहिरात चित्रित करण्याआधी तिचे एकेक दृश्य चौकटीत काढून ओळीने मांडतात. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. चित्रकला यावी लागत नाही. काड्यांची माणसे चालतात. सत्यजित राय हे चित्रपटात येण्यापूर्वी जाहिरात कंपनीत चित्रकार होते. १९५५ साली आलेल्या 'पथेर पांचाली'ची दृश्ये त्यांनी आधी कागदावरच रेखाटली होती. कागदावरची चूक खोडरबराने जाते, चित्रित झालेली चूक पैसे घेऊन जाते.

पहिला प्रश्न होता, सवलत कोणती द्यायची? ताईंना दहा सुचल्या. आम्ही विचारले, "तुमच्या मशिनी रिकाम्या कधी असतात?" उत्तर आले, "मे महिन्यात. आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की रात्री बारापर्यंत शिवत बसते, तरी गिऱ्हाईक परत जाते आणि नाक्यावर तयार गणवेश घेते." म्हणजे सवलत अशी हवी, की जूनचे काम मेमध्ये यावे. एका गणवेशाची शिलाई ३०० रुपये धरू. एकाच मापाचे दोन गणवेश आले, तर माप एकदाच, कापणी एकत्र, दोराही तोच. म्हणून दुसरा १५० रुपयांत देणे ताईंना परवडते. सवलत ठरली : ३१ मेपर्यंत माप द्या, दुसऱ्या गणवेशाची शिलाई निम्मी. बाकीची नऊ कामे जाहिरातीतून गेली. दुकानातून नव्हे!

दुसरा प्रश्न : बघणाऱ्याने नेमके काय करायचे? ताई म्हणाल्या, "फोन करा, मेसेज करा, नाहीतर या." तीन वाटा दाखवल्या, की माणूस 'मग बघू' म्हणतो. फोनवर मुलाचे माप घेता येत नाही, मूलच यावे लागते. म्हणून सांगणे एकच : माप द्यायला या. फोन नंबर आम्ही काढून टाकला.

मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून सहा चिठ्ठ्या केल्या. वेगळ्या चिठ्ठ्या असल्या, की क्रम बदलता येतो. जाहिरात मोबाइलवर दिसणार, म्हणून चौकटी उभ्या काढल्या. केबलवर द्यायची असती, तर आडव्या. प्रत्येक चिठ्ठीवर चित्र, खाली बोलणे आणि कोपऱ्यात सेकंद लिहिले. त्या अशा :

पहिली, ४ सेकंद. मुलगा गेल्या वर्षीची पँट चढवतो, ती घोट्याच्या वर राहते. बोलणे नाही, फक्त शिलाई मशिनीचा आवाज.

दुसरी, ५ सेकंद. आई कॅलेंडरवर जूनमधील शाळेच्या तारखेभोवती गोल काढते. आवाज : "पोरगं वाढलं, गणवेश तेवढाच राहिला."

तिसरी, ६ सेकंद. ताई टेपने मुलाचे माप घेतात, मग पँटची आतली दुमड दाखवतात. आवाज : "आम्ही मापाने शिवतो, वाढीसाठी आत कापड ठेवतो."

चौथी, ५ सेकंद. हँगरला दोन गणवेश. आवाज : "दोन गणवेश शिवा, दुसऱ्याची शिलाई निम्मी."

पाचवी, ५ सेकंद. रस्त्यावरून दिसणारे दुकान. आवाज : "दुकान बुद्धविहारासमोर."

सहावी, ५ सेकंद. दुकानाचे नाव आणि खाली तारीख. आवाज : "एकतीस मेच्या आत मूल घेऊन माप द्यायला या."

बेरीज बरोबर ३० सेकंद. बोलणे तीस शब्दांच्याही आत. सावकाश बोलले तर ३० सेकंदांत साठेक शब्द बसतात, पण तेवढे भरले की चित्र पाहायला उसंत राहत नाही. ताईंच्या पहिल्या मसुद्यात दुकानाची पाटी सुरुवातीलाच होती. ती चिठ्ठी आम्ही शेवटी सरकवली. आखूड पँट पाहून आईला आपले घर आठवते. मग कुठे ती दुकानाचे नाव वाचते.

आता परीक्षा. शेजारच्या मावशींना बोलावून चिठ्ठ्या एकेक करून दाखवल्या, हाती घड्याळ धरून बोलणे वाचले आणि चिठ्ठ्या पालथ्या घातल्या. तीन प्रश्न विचारले : दुकान कशाचे? मिळणार काय? तुम्ही करायचे काय? पहिल्या आणि तिसऱ्याचे उत्तर बरोबर आले. दुसऱ्याला मावशी म्हणाल्या, "दीड गणवेशाच्या पैशात दोन गणवेश, कापडासकट!"

ताईंचा चेहरा उतरला. हीच जाहिरात फिरली असती, तर दुकानात रोज भांडण झाले असते, आणि वस्तीत एकदा 'फसवते' असे नाव पडले की ते पुसता येत नाही. लगेच चौथ्या चौकटीत दुरुस्ती केली. दुसऱ्याच गणवेशाला 'शिलाई निम्मी' अशी चिठ्ठी टाचली, आणि बोलण्याच्या आधी तीन शब्द घातले : "कापड तुम्ही आणा." बेरीज तीच राहिली, कारण त्या चौकटीत जागा होती.

त्यानंतर आवाजाशिवाय परीक्षा घेतली. बसमध्ये, कामावर कितीतरी लोक आवाज बंद ठेवून पाहतात. म्हणून सवलत, पत्ता आणि '३१ मेपर्यंत माप द्यायला या' हे तिन्ही मोठ्या अक्षरांत चित्रावरही लिहायचे ठरले. एका चौकटीत पाच-सहा शब्दांहून जास्त नाहीत, आणि अक्षरे कडेला चिकटवायची नाहीत. शेवटची चौकट पाचही सेकंद हलवायची नाही. मनात दोनदा वाचून होईल एवढा वेळ ती राहिली पाहिजे.

चित्रण मात्र चिठ्ठ्यांच्या क्रमाने करायचे नसते. पहिली व दुसरी घरातली, म्हणून एकदम. तिसरी, चौथी दुकानात. पाचवी सकाळी, समोरून ऊन पडते तेव्हा. ताईंच्या भाच्याने मोबाइलवर एका दिवसात सारे उरकले.

जाहिरातीने गिऱ्हाईक आणले की नाही, हे कौतुकावरून कळत नाही. म्हणून ताईंनी वहीत दोन रकाने आखले आहेत. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "कसे कळले?" आणि रेघ मारायची. दोन मशिनींवर जेवढे शिवून होईल तेवढी कामे आली, की जाहिरात थांबवायची. कारण दिलेली तारीख चुकली, तर सवलतीचा काही उपयोग नाही. सहा चिठ्ठ्या मात्र त्यांनी जपून ठेवल्या आहेत. पुढच्या वर्षी तारीख तेवढी बदलायची.