बारा मिनिटांत नऊ स्लाइड

अंतिम वर्षाच्या प्रकल्प सादरीकरणात बहुतेक गट वेळ वाटण्यात चुकतात. प्रस्तावना, दहा शोधनिबंधांचा तक्ता, मग प्रत्येक सुट्या भागाची ओळख. यात सात-आठ मिनिटं जातात. बाह्य परीक्षक मध्येच म्हणतात, ‘थेट निकाल दाखवा’ आणि वर्षभराचं काम अर्ध्या मिनिटात उरकावं लागतं. म्हणून आराखडा शेवटाकडून बांधावा. आधी निकालाची स्लाइड करावी, मग ती समजायला जेवढं लागेल तेवढंच तिच्या आधी ठेवावं.

समजा, प्रकल्प मातीतला ओलावा मोजून ठिबक सिंचनाचा व्हॉल्व्ह आपोआप उघडण्याचा आहे. शीर्षकाला अर्धं मिनिट. प्रश्न कोणाचा आणि किती मोठा, यासाठी एक मिनिट. आधीच्या कामात काय राहिलं आणि आपलं उद्दिष्ट काय, हे एकाच स्लाइडवर, आणखी एका मिनिटात. सेन्सर, कंट्रोलर, रिले, व्हॉल्व्ह ही साखळी दाखवणाऱ्या आकृतीला दीड मिनिट.

पुढची स्लाइड कॅलिब्रेशनची. तिला अडीच मिनिटं द्यावीत, कारण प्रकल्पाचा खरेपणा इथेच तपासला जातो. सेन्सर ओलावा सांगत नाही, फक्त एक आकडा देतो. त्या आकड्याचा अर्थ ठरवण्यासाठी मातीचा नमुना तोलायचा, १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये सुमारे २४ तास वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. घटलेलं वजन म्हणजे त्यातलं पाणी. वेगवेगळ्या ओलाव्याच्या नमुन्यांवर हे करून दोन्ही मोजमापं एका आलेखावर मांडली, की लांबलचक वर्णनाची गरज उरत नाही.

त्यानंतरच्या दोन स्लाइड निकालाच्या, मिळून तीन मिनिटं. एकीवर ओलाव्याचा आलेख आणि व्हॉल्व्ह उघडल्याच्या वेळा, दुसरीवर साध्या वेळापत्रकाने दिलेल्या पाण्याशी तुलना. आलेख दिसताच आधी दोन्ही अक्ष सांगावेत, मग निष्कर्ष. चालू प्रात्यक्षिकाऐवजी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत याच वेळात बसवणं मला शहाणपणाचं वाटतं, कारण सभागृहातलं वाय-फाय ऐनवेळी दगा देऊ शकतं.

मर्यादांना एक मिनिट हवंच. काळी माती वाळताना भेगाळते, सेन्सरभोवती हवा शिरते आणि तो माती आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो. मग व्हॉल्व्ह गरज नसताना उघडतो. हे गटाने स्वतः सांगितलं, तर परीक्षकांचा पुढचा प्रश्न उपायाबद्दल असतो.

निष्कर्षाला अर्धं मिनिट. एकूण अकरा झाली. उरलेलं एक मिनिट मोकळंच ठेवावं, ते बोलणारे बदलण्यात आणि अडखळण्यात जातं.

शोधनिबंधांचा तक्ता, खर्च आणि पिन क्रमांकांसह सर्किट शेवटच्या स्लाइडनंतर राखीव ठेवावं. ESP32 वापरला असेल, तर वाय-फाय चालू असताना ADC2 च्या पिनवर सेन्सर वाचता येत नाही. तो प्रश्न आलाच, तर सेन्सर ADC1 च्या GPIO34 वर जोडल्याचं त्या सर्किटवर लगेच दाखवता येतं.