वरच्या मजल्याचा रस्ता राउटरला सांगावा लागतो

एखादं कार्यालय वाढतं, वरचा मजला भाड्याने घेतला जातो आणि तिथे दुसरा राउटर बसतो. खालच्या राउटरमधून एक केबल वर जाते आणि नव्या राउटरच्या WAN पोर्टमध्ये लागते. वरच्या मजल्यावर इंटरनेट लगेच सुरू होतं. वरच्या लोकांना खालचा स्कॅनरही मिळतो. पण खाली बसलेल्या माणसाने वरच्या प्रिंटरला काम पाठवलं, की प्रिंटर सापडतच नाही. केबल तीच, राउटर तेच, मग वरून खाली जे चालतं ते खालून वर का चालत नाही?

याचं उत्तर पत्त्यांमध्ये आहे. समजा, खालच्या मुख्य राउटरचा पत्ता 192.168.1.1 आहे आणि तिथले संगणक 192.168.1 या गटात आहेत. वरच्या राउटरला दोन पत्ते आहेत. खालच्या बाजूला तो 192.168.1.2 आहे आणि वरच्या मजल्याच्या बाजूला 192.168.2.1. प्रिंटरचा पत्ता 192.168.2.50. सबनेट मास्क दोन्हीकडे 255.255.255.0, म्हणजे पहिले तीन आकडे जाळ्याचे आणि शेवटचा आकडा त्या जाळ्यातल्या यंत्राचा. पहिले तीन आकडे वेगळे असल्यामुळे ही दोन स्वतंत्र जाळी झाली. नवे राउटर अनेकदा कारखान्यातूनच 192.168.1.1 हा पत्ता घेऊन येतात. म्हणून वरच्या राउटरचा आतला पत्ता आधी बदलून घ्यावा, नाहीतर दोन्ही मजल्यांवर एकच गट होतो आणि पुढचं काहीच जमत नाही.

आता खालच्या संगणकाने 192.168.2.50 ला निरोप पाठवला, तर तो पत्ता आपल्या गटातला नाही हे संगणकाला कळतं आणि तो निरोप मुख्य राउटरकडे देतो. मुख्य राउटरला मात्र दोनच रस्ते ठाऊक असतात: स्वतःचा 192.168.1 गट आणि बाकी सगळ्यासाठी इंटरनेट. त्यामुळे तो हा निरोप इंटरनेट कंपनीकडे ढकलतो. 192.168 ने सुरू होणारे पत्ते १९९६च्या RFC 1918 या दस्तऐवजानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना रस्ता नसतो. निरोप तिथेच संपतो.

मुख्य राउटरला तिसरा रस्ता हाताने शिकवणं म्हणजे स्टॅटिक रूट. राउटरच्या सेटिंगमध्ये Static Routing किंवा Advanced Routing अशा नावाचं पान असतं. तिथे एवढंच भरायचं:

```
Destination: 192.168.2.0
Subnet Mask: 255.255.255.0
Gateway:     192.168.1.2
Interface:   LAN
```

पहिल्या ओळीत प्रिंटरचा पत्ता नव्हे, तर अख्ख्या जाळ्याचा पत्ता येतो, म्हणून शेवटी शून्य. सगळ्यात जास्त चूक होते ती Gateway च्या ओळीत. तिथे 192.168.2.1 लिहिण्याचा मोह होतो, कारण वरच्या मजल्याचं दार तेच वाटतं. पण तो पत्ता मुख्य राउटरला थेट दिसत नाही; त्याच्यापर्यंत पोचायलाच तर हा रस्ता लागतो आहे. म्हणून Gateway नेहमी आपल्याच जाळ्यातला, हाताशी असलेला पत्ता असावा. इथे तो 192.168.1.2. हा पत्ता पक्का करून ठेवा. मुख्य राउटर DHCP ने वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेर तो असू द्या. उद्या वरच्या राउटरला दुसरा पत्ता मिळाला, तर लिहिलेला रस्ता कुठेच जाणार नाही.

एवढं करूनही प्रिंटर मिळेलच असं नाही, कारण वरचा राउटर अजून NAT करत असतो. NAT म्हणजे आतल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणं. वरून खाली जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर तो 192.168.1.2 हाच पत्ता लावतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो. म्हणूनच वरच्यांना सगळं मिळतं. पण बाहेरून आपणहून आलेला निरोप त्याची फायरवॉल अडवते. त्यामुळे वरच्या राउटरवर NAT बंद करावं लागतं आणि WAN कडून 192.168.1 गटाला आत येण्याची परवानगी द्यावी लागते. हे मुख्य राउटरवर रस्ता लिहिल्यानंतरच करा. आधी NAT बंद केलं, तर परतीचा रस्ता नसल्यामुळे वरचं इंटरनेट थांबेल. काही स्वस्त राउटर फक्त स्वतःच्या गटासाठीच इंटरनेटकडे NAT करतात. रस्ता लिहूनही वरचं इंटरनेट थांबलं, तर मुख्य राउटरची हीच मर्यादा आहे का ते पाहावं.

तपासणी खालच्या विंडोज संगणकावरून करावी:

```
tracert -d 192.168.2.50
```

पहिला टप्पा 192.168.1.1, दुसरा 192.168.1.2 आणि तिसरा प्रिंटर दिसला, की रस्ता बरोबर आहे. दुसऱ्या टप्प्यावर इंटरनेट कंपनीचा पत्ता दिसला, तर रूट लागलेलाच नाही. 192.168.1.2 पर्यंत येऊन पुढे नुसत्या चांदण्या दिसल्या, तर वरच्या राउटरची फायरवॉल किंवा प्रिंटरचं उत्तर यांच्यात दोष आहे. प्रिंटरला पत्ता हाताने दिला असेल, तर त्याच्या Gateway च्या रकान्यात 192.168.2.1 आहे ना ते पाहा. तो रकाना रिकामा असेल, तर निरोप प्रिंटरपर्यंत पोचतो, पण परत यायचं कुठून हे प्रिंटरला कळत नाही.

आणखी एक दोष चकवणारा आहे: पिंग लागतं, पण प्रिंटरचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडत नाही. इथे जायचा आणि यायचा रस्ता वेगळा पडलेला असतो. संगणकाचा निरोप मुख्य राउटरमार्गे वर जातो, पण उत्तर येताना वरचा राउटर ते थेट संगणकाला देतो, कारण 192.168.1 गट त्याला जोडलेलाच आहे. जोडणीचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य राउटरच्या फायरवॉलला त्यामुळे अर्धंच बोलणं ऐकू येतं, आणि मधलं उत्तर दिसलं नाही म्हणून ती संगणकाचा पुढचा निरोप अवैध ठरवून टाकून देते. अशा वेळी मोजक्या संगणकांना थेट रस्ता शिकवता येतो. Administrator म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून लिहा:

```
route -p add 192.168.2.0 mask 255.255.255.0 192.168.1.2
```

यातल्या -p मुळे संगणक बंद-चालू केला तरी रस्ता टिकतो. संगणक बरेच असतील आणि मुख्य राउटरच्या DHCP मध्ये पर्याय क्रमांक १२१ असेल, तर हाच रस्ता तिथून सगळ्यांना वाटता येतो.

वरचं जाळं वेगळं का हवं, हे मात्र आधी ठरवा. पाहुण्यांचं वायफाय, कॅमेरे किंवा भाडेकरू हिशेबाच्या संगणकांपासून दूर ठेवायचे असतील, तर दोन जाळी आणि स्टॅटिक रूट हा योग्य मार्ग आहे. फायरवॉलमध्ये मग फक्त हव्या त्या यंत्रापुरतीच वाट मोकळी ठेवावी. नुसतं वायफाय वरपर्यंत पोचवायचं असेल किंवा वरच्या राउटरवर NAT बंद करायची सोयच नसेल, तर तो राउटर Access Point मोडमध्ये टाका. दोन्ही मजले एकाच जाळ्यात येतील आणि एकही रूट लिहावा लागणार नाही.