कोणती पोळी, केवढी वाटी?

दवाखान्यातून मिळालेल्या छापील आहारतक्त्यात बहुधा असं लिहिलेलं असतं: दुपारी दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण. यात चूक काहीच नाही. फक्त पोळी कोणाच्या घरची, ते त्यात नसतं. एका घरी किलोभर पिठाचे चाळीस फुलके होतात, दुसऱ्या घरी तेवढ्याच पिठाच्या पंचवीस घडीच्या पोळ्या. पहिल्या घरचे दोन फुलके म्हणजे 50 ग्रॅम पीठ, दुसऱ्या घरच्या दोन पोळ्या म्हणजे 80 ग्रॅम. दोघंही प्रामाणिकपणे ‘दोनच खाल्ल्या’ म्हणतात, आणि एकाची साखर आटोक्यात राहते, दुसऱ्याची चढते.

जेवणानंतर रक्तातली साखर किती वाढेल, हे मुख्यतः त्या जेवणातल्या कर्बोदकांवर ठरतं, म्हणजे धान्य, कडधान्य, कंद, फळ, दूध आणि साखर यांच्यावर. अंडं, मासा, कोंबडी, तेल यांत कर्बोदकं जवळपास नसतात. त्यामुळे मधुमेही माणसाच्या आठवड्याच्या तक्त्यात पदार्थाच्या नावाशेजारी कर्बोदकांचा अंदाजी आकडा हवाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांची कोष्टकं प्रसिद्ध केली, त्यात आपल्या धान्यांचे आणि भाज्यांचे आकडे सापडतात. स्वयंपाकघरात मात्र ढोबळ हिशेब पुरतो. गहू, ज्वारी, बाजरी यांच्या पिठात वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश कर्बोदकं धरायची. कच्चे तांदूळ आणि कोरडे पोहे यांत तीन-चतुर्थांश. डाळी-कडधान्यांत निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे 25 ग्रॅम पिठाचा फुलका 17 ग्रॅमचा आणि 40 ग्रॅमची घडीची पोळी 27 ग्रॅमची.

याच हिशेबाने भाकरीबद्दलचा एक लाडका समज डळमळतो. ‘शुगर आहे ना, मग पोळी बंद, भाकरी सुरू’ हे घरोघरी ऐकू येतं. ज्वारीत तंतू भरपूर आहेत, पण कोंड्यासकट दळलेल्या गव्हातही ते असतातच. कर्बोदकं दोन्ही पिठांत जवळपास सारखीच. आणि भाकरी सहसा फुलक्याच्या दुप्पट पिठाची असते. ज्वारी आवडत असेल तर जरूर खावी, पण 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे दोन फुलके, हे धरूनच.

आता एक तक्ता प्रत्यक्ष मांडून बघू. समजा, सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय 58, वजन साठच्या आसपास, टाइप 2 मधुमेह, मूत्रपिंडं ठणठणीत. मेटफॉर्मिन दोन वेळा, जेवणाबरोबर. सकाळी नाश्त्याच्या वेळी ग्लिमेपिराइड. दिवसाला साधारण 1500 कॅलरी पुरतात, त्यातल्या पंचेचाळीस टक्के कर्बोदकांतून घ्यायच्या असं आहारतज्ज्ञांनी ठरवलंय. कर्बोदकाच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाचा वाटा झाला 170 ग्रॅम. तो असा वाटला: नाश्त्याला 35, अकरा वाजता 15, दुपारी 55, पाच वाजता 15, रात्री 50.

तक्ता लिहिण्याआधी बाईंनी दोन कामं केली. घरातली एक वाटी पाण्याने भरून मापली, ती 150 मिलिलीटरची निघाली. मग स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर पीठ तोलून त्याचे फुलके मोजले. हे एकदाच करावं लागतं, मग हाताला गोळ्याचा अंदाज बसतो.

| वार | नाश्ता, सकाळी 8 | जेवण, दुपारी 1 | जेवण, रात्री 8 |
|---|---|---|---|
| सोम | मटार-दाणे घालून पोहे (कोरडे 40 ग्रॅम), चहा: 35 | 2 फुलके, 1 वाटी वरण, 1 वाटी भाजी, कोशिंबीर: 55 | 1 ज्वारीची भाकरी, 1 वाटी पिठलं, पालेभाजी: 50 |
| मंगळ | मूगडाळीची 2 धिरडी (डाळ 40 ग्रॅम), दही, चहा: 30 | 1 भाकरी, 1 वाटी मटकीची उसळ, काकडी: 55 | 2 फुलके, दोडक्याची भाजी, 1 वाटी आमटी: 55 |
| बुध | 2 अंड्यांचं ऑम्लेट, 2 फुलके, चहा: 40 | माशाचं कालवण, 1 वाटी भात, 1 फुलका, भाजी: 55 | 1 भाकरी, वांग्याचं भरीत, ताक: 45 |
| गुरु (उपास) | राजगिऱ्याची 2 छोटी थालीपीठं (पीठ 40 ग्रॅम), दही, चहा: 30 | दीड वाटी वरीचे तांदूळ (कोरडे 60 ग्रॅम), दाण्याची आमटी, काकडी: 50 | 2 फुलके, 1 वाटी वरण, भाजी: 55 |
| शुक्र | भाजणीचं 1 थालीपीठ (पीठ 50 ग्रॅम), दही, चहा: 40 | 2 फुलके, 1 वाटी चवळीची उसळ, पालेभाजी: 55 | दीड वाटी मुगाची खिचडी, कढी, कोशिंबीर: 50 |
| शनि | भाज्या घालून उपमा (रवा 35 ग्रॅम), चहा: 35 | 1 बाजरीची भाकरी, मेथी, 1 वाटी वरण: 50 | 2 फुलके, मटार-पनीर, कोशिंबीर: 45 |
| रवि | 2 इडल्या, 1 वाटी सांबार, चहा: 40 | कोंबडीचा रस्सा, 1 भाकरी, अर्धी वाटी भात, कांदा-काकडी: 60 | 2 फुलके, 1 वाटी मुगाची आमटी, भाजी: 50 |

आकडे ग्रॅम कर्बोदकांचे, जवळच्या पाचावर आणलेले. चहा अर्धा कप दुधाचा, बिनसाखरेचा. अकरा वाजता एक फळ (लहान पेरू, संत्रं किंवा वाटीभर पपई) आणि पाच वाजता चहाबरोबर मूठभर फुटाणे, हे रोजचंच. पाचच्या चहाला चार मारी बिस्किटं घेतली, तर ती एका फुलक्याइतकी होतात आणि डाळीचं प्रथिन मात्र त्यात नसतं. बिस्किटं हिशेबात धरायची सवय आपल्याकडे कुणालाच नाही.

या तक्त्यातला सगळ्यांत अवघड दिवस गुरुवार. उपासाला साबुदाणा खिचडी हे आपल्याकडे ठरलेलंच. साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये 85 ग्रॅमच्या वर कर्बोदकं. बशीभर खिचडीला 75 ग्रॅम साबुदाणा लागतो. त्याचे 65, बटाट्याचे आठ-नऊ आणि चमचाभर साखरेचे पाच मिळून आकडा ऐंशीच्या घरात जातो. दुपारच्या जेवणाला ठरवलेल्या 55 च्या हे दीडपट. दाण्याच्या कुटाने चढ थोडी मंदावते, बेरीज कमी होत नाही. म्हणून तक्त्यात वरी आहे, आणि तीही मोजून, कारण वरीतही दोन-तृतीयांश कर्बोदकं असतातच. खिचडीच हवी असेल तर 40 ग्रॅम साबुदाण्याची, बटाटा आणि साखर न घालता, दाण्याचं कूट सढळ हाताने, सोबत दही. निराहार उपास मात्र बाईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि त्याचं कारण वेळेच्या हिशेबात आहे.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी आठला गोळी घेतली आणि बँकेच्या रांगेत दुपारचे तीन वाजले, तर साखर खाली घसरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, भुकेने जीव कासावीस होतो. मोजून बघितली आणि 70 च्या खाली निघाली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, म्हणजे 15 ग्रॅम. मोजायला यंत्र जवळ नसेल तर वाट न बघता साखर घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर, आणि सावरल्यावर जेवायचं. पेढा किंवा लाडू इथे कामाचा नाही, त्यातलं तूप साखरेला उशीर लावतं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारसा नसतो, त्यामुळे त्यांची वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाली तरी चालतं. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांचा हिशेब आणखी काटेकोर असतो, कारण काही प्रकार जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असतात आणि काही अगदी ताटावर बसताना. त्यांनी असा तक्ता स्वतःहून लागू करू नये.

तक्ता लागू पडतोय की नाही, ते बोटाच्या थेंबावरून कळतं. एखाद्या जेवणाआधी एकदा मोजायचं आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा. जेवण संपल्यापासून मोजली की वेळ चुकते. दुसरा आकडा बहुतेकांसाठी 180 च्या आत हवा. डॉक्टरांनी वेगळा दिला असेल तर तो धरावा. समजा, सोमवारी पोह्यांआधी 118 आणि दोन तासांनी 214 आले. बाईंनी मग परातीतले पोहे तोलले, तर ते 65 ग्रॅम निघाले, कारण ‘एक वाटी’ शिगोशिग भरली होती. पुढच्या सोमवारी मोजून 40 ग्रॅम, त्यात मटार आणि दाणे जास्त. तरीही आकडा चढाच राहिला, तर त्यांच्या शरीराला सकाळी पोहे झेपत नाहीत असं समजून तिथे धिरडी आणावीत. पुष्कळांची साखर सकाळी लवकर चढते, त्यामुळे दुपारी चालणारी मापं नाश्त्याला चालतीलच असं नाही. रोज सगळी जेवणं तपासायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन वेगवेगळी जेवणं तपासली की महिन्याभरात तक्त्यातली दुखरी घरं सापडतात.

ताटात काय आधी खायचं याचाही परिणाम होतो. कोशिंबीर, भाजी आणि वरण-उसळ आधी, पोळी-भात शेवटी, असं केल्यास तेवढ्याच अन्नावर साखरेचं टोक खाली राहतं, असं अभ्यासांत दिसलंय. आपली सवय पहिल्या घासापासून पोळी मोडण्याची, त्यामुळे हे जमायला वेळ लागतो. निदान कोशिंबीर तरी आधी संपवावी.

मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डाळ-उसळींची मापं बदलतात आणि काही फळं-भाज्याही वगळाव्या लागतात. गरोदरपणातल्या मधुमेहात वाटे अधिक वेळांत विभागतात. वजन पाच-सहा किलोंनी उतरलं किंवा डॉक्टरांनी गोळी बदलली, की जुना तक्ता तसाच फ्रिजवर ठेवू नये. ग्लिमेपिराइडचा डोस वाढला असेल, तर अकरा आणि पाचची छोटी खाणी सगळ्यांत आधी तपासून घ्यावीत.